छत्तीस मिलिमीटरचं किरकोळ

मला चित्रं काढता येत नाहीत. शाळेत मी काढलेल्या गाईला वर्गातल्या सगळ्या मुली बाक म्हणायच्या. पण पट्टी आणि पेन्सिल हातात द्या, रेघ अशी मारीन की सुतारानं बघत राहावं. या एवढ्याशा गुणाचा मला भारी गर्व होता, आणि त्या गर्वापायी मी एका मुलीचं शिक्षण बुडवलं. हे वाक्य मी आजवर कुणापुढे बोललेलं नाही. आता लिहिताना ते इतकं सहज उतरलं, याचीही लाजच वाटते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी वर्ध्यातल्या एका मुलींच्या महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवायला लागून दोन वर्षं झाली होती. शिवण, पाकशास्त्र, बालसंगोपन आणि घरखर्चाचं अंदाजपत्रक. हा शेवटचा विषय माझ्याकडे होता. माझं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं, घर भावजय चालवायची, तेलाचा डबा कितीला येतो हे मला पुस्तकातून ठाऊक. तरी वर्गात मी बचतीवर असं बोलायचे, जणू दहा लेकरं वाढवून मोकळी झालेय.

महाविद्यालयाच्या वसतिगृहात दरवर्षी अकरावी-बारावीसाठी एक जागा मोफत असायची, खेड्यातल्या मुलीसाठी. राहणं-जेवण महिना पस्तीस रुपये, दहा महिन्यांचे साडेतीनशे. ते माफ. अर्ज आले की आमच्या विभागानं त्या मुलींच्या घरी जायचं, वर्षाला पैसा कुठून येतो आणि कुठं जातो हे विचारून लिहायचं आणि समितीपुढं ठेवायचं. हे काम आमच्या विभागातल्या मोठ्या बाई वर्षानुवर्षं करत होत्या. त्यांची पद्धत सरळ. फुलस्केप कागदावर उभी रेघ, डावीकडं बाब, उजवीकडं रुपये, तळाला बेरीज. मला तो तक्ता बघून झोप यायची.

त्या वर्षी दिवाळीत माझा भाऊ नागपूरहून आला. तो अभियांत्रिकीला होता. त्याच्या पुस्तकात एका बॉयलरची आकृती होती. डावीकडून एक जाडजूड पट्टा आत येत होता, तो म्हणजे जाळलेल्या कोळशाची सगळी उष्णता. पुढं त्या पट्ट्याला फाटे फुटत होते. एक धुराड्यातून वाया जाणारा, एक भिंतीतून निसटणारा, आणि उरलेला सरळ पुढं जाणारा, कामी आलेल्या वाफेचा. प्रत्येक फाट्याची जाडी त्यातल्या उष्णतेच्या मापात. आत येणारी जाडी आणि बाहेर जाणाऱ्या सगळ्या जाड्यांची बेरीज एकच.

"याला सँकी आकृती म्हणतात," भाऊ म्हणाला. "किती वाया गेलं ते एका नजरेत कळतं."

एका नजरेत! मला तेवढंच हवं होतं. उष्णतेच्या जागी रुपये घातले की झालं. कमाई आत, खर्च बाहेर. मोठ्या बाईंच्या तक्त्यांची सद्दी संपली, असं मी मनातल्या मनात जाहीरही करून टाकलं.

उन्हाळ्यात दोन अर्ज आले. केळझरकडची मुलगी मोठ्या बाईंकडे गेली आणि हिंगणीची माझ्याकडे.

मी हिंगणीला उतरले तेव्हा मे महिन्यातलं ऊन डोक्यावर होतं. घर कवेलूंच्या छपराचं, दोन खोल्यांचं, पुढं सारवलेलं अंगण. सहा एकर कोरडवाहू शेती, दोन बैल, एक म्हैस, आजी, आई-वडील आणि तीन लेकरं. मुलगी थोरली. दहावीपर्यंत ती रोज एसटीनं सेलूला शाळेत गेली होती. मी आल्याबरोबर तिनं खाट ओढून सावलीत टाकली आणि तिच्या आईनं मला पाणी दिलं.

"काय काय सांगू तुमाले, बाई?" आई म्हणाली. "पैसा आला का गेला. त्याचा काय हिशोब ठेवते कोणी?"

पण ठेवला होता. सगळा डोक्यात. कापसाचे एकवीसशे, ज्वारीचे तीनशे, दुधाचे महिन्याला चाळीस म्हणजे वर्षाचे चारशे ऐंशी, तिच्या निंदणाच्या मजुरीचे चारशे वीस, नवऱ्याच्या मजुरीचे तीनशे. मी बेरीज करायला कागद पुढं ओढेपर्यंत मुलगी म्हणाली, "छत्तीसशे." माझी बेरीज झाली तेव्हा ती छत्तीसशेच भरली.

मग खर्च. शेतीचं बियाणं-खत-मजुरी हजार, विकत घ्यायचं खाणंपिणं साडेअकराशे, कपडे तीनशे, म्हशी-बैलांची ढेप अडीचशे, सणवार आणि आहेर एकशे ऐंशी. हे मोठे खर्च तिनं पटापट सांगितले. आणि मग ती खरी सुरू झाली.

"रॉकेल लिवा. दयन लिवा. मीठ लिवलं का? माचिस लिवा. आमच्या सासूच्या डोयाची दवा हाय. अवंदा विहिरीचा दोर तुटला, थो बी लिवा. कंदिलाची काच. भांड्याची कल्हई. अन् यायची तमाखू."

दाराशी बसलेले वडील दुखावले. "काऊन, माही तमाखूच दिसली काय तुले?"

"दिसत नाई, वास येते," ती म्हणाली, आणि आजीसकट सगळे हसले.

मीही हसले. हसता हसता लिहीत होते. अठरा बाबी भरल्या. त्यांत एक बाब मुलीच्या एसटीची होती, महिना बारा रुपये, दहा महिन्यांचे एकशे वीस. एक तिच्या वह्या-पुस्तकं आणि परीक्षेच्या फीची, ब्याण्णव रुपये. धाकट्यांच्या पाट्या-वह्या चौतीस. एसटीचा आकडा सांगताना आईनं एक वाक्य जोडलं. "थे दुधाच्या पैशातून निघते. त्याले आमी कोणी हात लावत नाई."

मी मान हलवली. ते वाक्य मी लिहिलं नाही. त्याला रकाना नव्हता.

घरी येऊन मी मोठा ड्रॉइंग पेपर पसरला. वीस रुपयांना एक मिलिमीटर, असं माप धरलं. म्हणजे छत्तीसशेचा मुख्य पट्टा एकशे ऐंशी मिलिमीटर, चांगला वीतभर रुंद. डावीकडून कमाईचे पाच प्रवाह येऊन त्याला मिळत होते. उजवीकडं शेतीचा फाटा पन्नास मिलिमीटर, खाण्याचा साडेसत्तावन्न, कपड्यांचा पंधरा, ढेपेचा साडेबारा, सणवारांचा नऊ. इथवर काम देखणं चाललं होतं. मग त्या अठरा बाबी आल्या. मीठ बारा रुपये, म्हणजे मिलिमीटरचा अर्धा भाग आणि वर थोडं. माझी पेन्सिलची रेघच तेवढी जाड. शिवणाचा दोरा सात रुपये. तो तर दिसणारच नव्हता. अठरा फाटे काढून पाहिले तर कागदाच्या कडेला नुसता केरसुणीचा झुबका झाला.

मी खोडरबर घेतलं आणि नियम केला. सात मिलिमीटरपेक्षा बारीक फाटा काढायचा नाही, कारण त्याच्या पोटात नाव लिहिता येत नाही. जे बारीक असेल ते एकत्र करायचं आणि त्याला नाव द्यायचं, किरकोळ. एसटीचा फाटा सहा मिलिमीटर होता. तो गेला किरकोळात. पुस्तकांचा त्याहून बारीक. तोही गेला. अठरांची बेरीज सातशे वीस, जाडी छत्तीस मिलिमीटर. पन्नास, साडेसत्तावन्न, पंधरा, साडेबारा, नऊ आणि हे छत्तीस. सगळं मिळून बरोबर एकशे ऐंशी. आत तेवढं, बाहेर तेवढं. मी शेतीला हिरवा रंग दिला, खाण्याला पिवळा, आणि किरकोळाला, केवळ तो रंग डबीत उरला होता म्हणून, भडक तांबडा.

समितीपुढं नेण्याआधी त्या लोकांना दाखवून यावं, म्हणून मी गुंडाळी घेऊन पुन्हा हिंगणीला गेले. खरं कारण सांगते. मला कौतुक हवं होतं. ते मिळालंही. खाटेवर कागद उलगडला तशी शेजारच्या दोन बाया आल्या. वडिलांनी शेतीच्या हिरव्या फाट्यावर बोट ठेवून मान डोलावली. "चारातला एक घास त वावरच खाते," ते म्हणाले. त्यांना ते चित्र लगेच कळलं, आणि बरोबर कळलं.

आई मात्र शोधत होती. तिनं उजवीकडचा एक एक फाटा मुलीकडून वाचून घेतला.

"अन् पोरीची मोटर कोठी हाय यात?"

"एसटी ना? ती इथं आहे, किरकोळमध्ये," मी तांबड्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले.

"अन् पुस्तकं?"

"तीही त्यातच."

ती जरा ओशाळली. "एवढं मोठं किरकोळ हाय व्हय आमचं?"

"सगळ्यांचंच असतं," मी म्हणाले आणि गुंडाळी बांधली. एसटीची वेळ झाली होती.

समिती बसली ती जूनमध्ये, प्राचार्यांच्या खोलीत, दुपारच्या चहाच्या वेळी. प्राचार्या, आम्ही दोघी, आणि विश्वस्तांपैकी एक शेठजी, ज्यांचा कापसाच्या अडतीचा व्यवसाय होता. मोठ्या बाईंनी केळझरच्या मुलीचा तक्ता पुढं सरकवला. शेठजींनी कानावरची पेन्सिल काढली आणि ती ओळीओळीनं खाली आणत गेले.

"दळण साठ. ठीक. रॉकेल सत्तर. ठीक. दवाखाना नव्वद? कोण बीमार आहे?"

"आईला दमा आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"अच्छा. वही-पुस्तक पंचावन्न. बस नाही?"

"शाळा गावातच होती."

पाच-सात मिनिटं असंच चाललं. शंका आली की पेन्सिल थांबे, त्या ओळीचं उत्तर मिळे, पेन्सिल पुढं जाई. मला ते कंटाळवाणं वाटत होतं. मी खुर्चीच्या कडेला बसून माझी पाळी येण्याची वाट बघत होते.

माझी पाळी आली. मी भिंतीवर टाचण्यांनी कागद लावला. प्राचार्या म्हणाल्या, "अरे वा!" शेठजी खुर्चीवरून उठून जवळ आले. मोठ्या बाईंनी चष्मा वर केला. मी पट्टीनं दाखवत गेले. इकडून कमाई येते, इकडं खर्च जातो, जितका पट्टा जाड तितका पैसा. एका नजरेत सगळं कळतं. हे वाक्य मी दोनदा म्हणाले.

आणि एका नजरेत कळलंच. शेठजींचं बोट सरळ तांबड्यावर गेलं.

"बाई, ये किरकोळ म्हणजे काय?"

माझ्या पिशवीत हिंगणीला लिहून घेतलेला तो कागद होता. अठराच्या अठरा ओळी. पण तो पेन्सिलीनं लिहिलेला, खाडाखोडीचा, त्यावर चहाचा डागही होता. भिंतीवर हे देखणं चित्र आणि हातात तो मळका कागद? मी पिशवीला हात लावला नाही.

"घरातले बारीकसारीक खर्च असतात ते," मी म्हणाले.

"बारीकसारीक? हे तर कपड्याच्या दुपटीहून जास्त आहे. ढेपेच्या जवळजवळ तिप्पट!" त्यांनी बोटांनी पट्टा मापला. व्यापारी माणूस, माप चुकत नव्हतं. "एवढा पैसा किरकोळात जातो?"

इथं मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मी अंदाजपत्रक शिकवणारी ना! मी वर्गात बोलायचे तसं बोलले. "नियोजन नसतं हो. नीट काटकसर केली तर यात बचत होऊ शकते."

"किती?"

"निम्मी तरी."

शेठजींनी पेन्सिल कानावर ठेवली. "सातशे वीसचे निम्मे तीनशे साठ. वसतिगृहाचे साडेतीनशे. मग झालं की! यांना भरता येते. जागा त्या दुसरीला द्या."

त्यांच्यावर मी कधी रागावले नाही. त्यांना जे दाखवलं त्यावरून त्यांनी अगदी बरोबर गणित केलं. तक्त्यातली ओळ दिसली असती तर तिथंही त्यांची पेन्सिल थांबली असती. मी ओळच ठेवली नव्हती. पिवळा, हिरवा, तांबडा ठेवला होता.

निर्णय कळवायचं पत्र माझ्याकडूनच लिहून घेतलं गेलं, अक्षर चांगलं म्हणून. "आपल्या कुटुंबाच्या किरकोळ खर्चात काटकसरीस वाव असल्याचे समितीस आढळून आले आहे. सबब यंदा जागा देता येत नाही. खर्चाचा पुनर्विचार करून पुढील वर्षी पुन्हा अर्ज करावा." वाक्यं साफ होती. मी खाली सुबक रेघ ओढली.

व्हरांड्यात मोठ्या बाईंनी मला थांबवलं. त्यांच्या आवाजात रागही नव्हता. "बाबी लिहिलेला कागद होता ना तुझ्याकडे?"

"होता."

"मग काढायचास की."

मी चित्राची गुंडाळी बगलेत घट्ट धरली. त्यांनीच पुढं सांगितलं, "चित्र वाईट नाही. पाच-सहा मोठे खर्च असले, ओझं कुठं आहे ते दाखवायचं असलं, तर ते तक्त्याहून चांगलंच. पण ज्याला प्रश्न विचारायचा असतो तो ओळ शोधतो. तुझ्या चित्रात त्याला ओळ कुठं होती?"

मला राग आला. खोटं कशाला सांगू? म्हाताऱ्या माणसांना नवं बघवत नाही, असंच मला वाटलं. घरी आल्यावर, नुसतं त्यांना खोटं पाडायचं म्हणून, मी तो डागाळलेला कागद काढला आणि ओळी वेगळ्या पद्धतीनं जुळवून पाहिल्या. एसटी एकशे वीस, पुस्तकं-फी ब्याण्णव, धाकट्यांच्या वह्या चौतीस. दोनशे सेहेचाळीस. शिक्षण असं नाव दिलं असतं तर बारा मिलिमीटरहून रुंद फाटा झाला असता. सणवार आणि आहेराहून मोठा. त्यात नाव लिहायला जागाच जागा होती. मी बाबी जाडीवरून एकत्र केल्या होत्या. त्या कशासाठी आहेत यावरून करायच्या हे मला सुचलं नव्हतं. आणि दुधाचा प्रवाह मी इतर कमाईबरोबर एका पट्ट्यात ओतून टाकला होता. खरं तर या आकृतीचं बळच ते की कुठला पैसा कुठं गेला हे धागा धरून दाखवता येतं. दुधापासून एसटीपर्यंत एक सरळ पट्टा काढला असता तर त्या घरानं मुलीसाठी काय ठरवलं होतं ते शेठजींना सुद्धा दिसलं असतं.

त्या संध्याकाळी मला हे सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्राचार्यांकडे जाऊ शकले असते. पत्र अजून कचेरीतच होतं, टपालात पडायचं होतं. मी गेले नाही. आपण चुकलो असं सांगायचं, तेही मोठ्या बाईंच्या देखत? पुढच्या वर्षी तक्ता देऊ, जागा मिळवून देऊ, एका वर्षानं काय बिघडतं, मुलगी सेलूला अकरावी करीलच. अशी मी माझी समजूत घातली. पत्र टपालात गेलं. माझं चित्र विभागाच्या भिंतीवर लागलं आणि तपासणीला आलेल्या मंडळींनी त्याची वाखाणणी केली. मी मान खाली घालून हसले. लोकांना तो विनय वाटला.

पुढच्या मे महिन्यात हिंगणीचा अर्ज पुन्हा आला. मी स्वतः मागून घेतला. या खेपेला गुंडाळी नव्हती. फुलस्केप कागद घेऊन गेले, रेघा मारलेले, प्रत्येक बाबीला एक ओळ, आणि शिक्षणाच्या ओळी सगळ्यांत वर, एकाखाली एक.

आईनं मला बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. ती मला काहीतरी सांगायला अधीर झाली होती.

"बाई, तुमची चिठ्ठी आलती. पोरीनं वाचून दाखोली. मंग आमी सारे बसलो, काय कमी होते थे पाह्यलं. रॉकेल होत नाई. दयन होत नाई. सासूची दवा कशी बंद कराव? मंग मले आठोलं, तुमीच म्हनलं होतं न, मोटर किरकोळात हाय म्हून. दिवाळीपासून मोटर बंद केली."

मला आधी अर्थच लागला नाही. "बंद केली म्हणजे?"

"बंद. घरीच हाय थे. पुस्तकं बी नवी नाई घेतली, जुन्यावर भागवलं, मंग थे बी देऊन टाकली. अन् यायनं तमाखू अर्ध्यावर आनली." ती नवऱ्याकडं अभिमानानं बघत होती. "किती झालं आता किरकोळ?"

मी लिहीत होते. एसटी, साठ. पुस्तकं, चाळीस. तंबाखू, अठरा. हात चालत होता म्हणून लिहीत होते. बेरजेला पोचण्याआधी आतून मुलीचा आवाज आला. "पाचशे नव्वद."

"पाहा," आई म्हणाली. "आता तरी घेतील न पोरीले?"

मी सरळ प्राचार्यांकडे गेले. तक्ता टेबलावर ठेवला आणि गेल्या वर्षीचा तो डागाळलेला कागदही. त्यांनी दोन्ही वाचले, ओळीओळीनं.

"हा कागद तेव्हा का दाखवला नाहीस?"

"चित्र चांगलं झालं होतं म्हणून," मी म्हणाले.

त्यांनी वहीत नियम शोधला. मोफत जागा शिक्षणात खंड पडलेल्या मुलीला देता येत नव्हती. त्यांनी शेठजींना फोनही लावला, माझ्यासमोर. शेठजी बराच वेळ बोलले. प्राचार्यांनी फोन ठेवला आणि नकारार्थी मान हलवली.

नकाराचं हे दुसरं पत्र मी टपालानं पाठवलं नाही. हातानं घेऊन गेले. वडील शेतातून येईपर्यंत बसून राहिले आणि सगळ्यांदेखत सांगितलं की चूक समितीची नाही, तुमची तर नाहीच, माझी आहे. एसटी किरकोळ नव्हती. मी तिला किरकोळात घातलं. मग म्हणाले, वसतिगृहाचे साडेतीनशे मी भरते, तिला पाठवा.

वडिलांनी डोक्याचा दुपट्टा काढून खांद्यावर टाकला. त्यांचा स्वर मऊच होता. "बाई, समितीनं देली असती त थे पोरीच्या हक्काची होती. तुमचं काऊन घ्याव आमी?"

आई बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत होती. ती हिशोब करत होती, हे मला दिसत होतं. दिवाळीपासूनचे महिने मोजत होती. मोजून झालं तशी तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मग पाहणं टाळलं. चहा मांडायला म्हणून आत गेली ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

पत्र मुलीनं वाचलं. मोठ्यानं, आजीला ऐकू जावं म्हणून. कचेरीची भाषा होती, "खंड", "सबब", "खेदपूर्वक", पण ती कुठं अडली नाही. इतकं स्पष्ट वाचन माझ्या वर्गातल्या मुलींनाही जमत नसे. वाचून झाल्यावर तिनं ते होतं त्याच घडीवर पुन्हा दुमडलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"हे तुमच्याकडंच राहू द्या, बाई," ती म्हणाली. "आमाले नाई लागत आता."